प्रकल्प नोंदी: डिझेल-बर्फ प्रणाली, दुसरा टप्पा

सोमवार, 2 जून 2025

मासेमारी बंदी कालपासून लागली. 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या माणसांकडे वेळ आहे आणि गल्ल्यात पैसा नाही. पुढच्या दोन महिन्यांत या दोन्ही गोष्टी माझ्या कामात येणार आहेत, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

देवगड तालुक्यातली ही मच्छीमार सहकारी संस्था पुण्याच्या एका व्हेंडरकडून प्रणाली करून घेते आहे. कराराची रक्कम 12 लाख अधिक जीएसटी. चार टप्पे: सभासद व होड्यांची नोंद, डिझेल-बर्फ वाटप, लिलाव व हिशोब, आणि अखेरची सुपूर्दगी. पैसे टप्प्यानुसार 20, 30, 30 आणि 20 टक्के. माझं काम संस्थेच्या बाजूने व्हेंडरचं काम मोजायचं. सॉफ्टवेअर चांगलं झालंय का हे मी ठरवत नाही. कामाच्या प्रत्येक तुकड्याची नोंद म्हणजे एक तिकीट. किती तिकिटं संस्थेने रीतसर स्वीकारली आणि त्यावर किती पैसे देय झाले, एवढंच.

पहिल्या टप्प्याच्या बिलावरून मे महिन्यात वाद झाला होता. व्हेंडरच्या अहवालात अठरा तिकिटं "पूर्ण", सचिवांच्या वहीत अकरा. दोघांचंही खरं होतं. तिकिटं जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि त्याच्या बोर्डावर `Done` नावाचा एकच रकाना होता. प्रोग्रामरचं काम संपलं की तो तिकीट तिथे ढकलायचा आणि सचिवांनी तपासून होकार दिला तरी ते तिथेच असायचं. एका रकान्यात दोन वेगळ्या घटना कोंबल्या की बिलाच्या दिवशी भांडण ठरलेलंच.

म्हणून आज व्हेंडरच्या प्रकल्प व्यवस्थापकाबरोबर बसून रकाने नव्याने लावले. प्रोग्रामरचं काम झालं की तिकीट `Delivered` मध्ये. संस्थेने तपासायला घेतलं की `In UAT`. त्यातून दोनच वाटा: `Accepted` किंवा `Rejected`. जिरात प्रत्येक स्थितीला एक वर्ग असतो आणि त्यावरून तिचा रंग ठरतो. हिरवा वर्ग फक्त `Accepted` ला ठेवला, `Delivered` मुद्दाम निळ्या वर्गात. व्हेंडरचे सगळे आलेख हिरव्यावरून निघतात, त्यामुळे आता त्यांचा आपोआप बनणारा अहवालही स्वीकृतीच मोजेल. `Resolution` हे खानंही फक्त `Accepted` ला जाताना भरलं जाईल, कारण जिरा "निकाली" तिकीट त्याच खान्यावरून ओळखतं.

`Accepted` आणि `Rejected` कडे जाणाऱ्या वाटांवर अट घातली: `Client Approver` ही भूमिका असलेल्यालाच ते बटण दिसेल. भूमिकेत दोन नावं, सचिव आणि त्यांच्या गैरहजेरीत खजिनदार. शिवाय `Accepted` स्थितीला `jira.issue.editable` हा गुण `false` करून लावला. स्वीकारलेल्या तिकिटाचा मजकूर आणि कसोट्या त्यानंतर कुणालाच बदलता येत नाहीत. `Accepted` मधून बाहेर पडायची वाट ठेवलीच नाही. व्यवस्थापक म्हणाला, "पुन्हा उघडावं लागलं तर?" म्हटलं, त्यासाठी वेगळं तिकीट काढू.

गुरुवार, 5 जून

दुसऱ्या टप्प्याची यादी गोठवली. वीस तिकिटं, त्यातली सहा अनिवार्य. पैसे देय होण्याची अट करारात आहे: सहाही अनिवार्य तिकिटं स्वीकारलेली हवीत, एकूण किमान अठरा स्वीकारलेली हवीत, आणि टप्प्यावर एकही गंभीर दोष उघडा नसावा. उरलेली दोनपर्यंत तिकिटं मागे राहिली तर टप्प्याच्या रकमेतले 10 टक्के ती स्वीकारली जाईपर्यंत रोखायचे.

तिकिटांना स्वतंत्र किंमत लावायची सूचना व्हेंडरने केली होती. मी नको म्हटलं. किंमत तिकिटाला लागली की एका कामाची तीन तिकिटं व्हायला लागतात आणि सोपी तिकिटं आधी येतात. नुसत्या संख्येवर मोजण्यातही तोच धोका आहे, पण यादी आधीच गोठवली आणि अनिवार्य तिकिटं नावानिशी ठरवली की तो बराच आवरतो.

टप्पा कुठल्या खान्यात नोंदवायचा यावर थोडी चर्चा झाली. व्हेंडरला "टप्पा" नावाचं स्वतःचं खानं बनवायचं होतं. मी जिराचं मूळचं `Fix version` खानं वापरायला लावलं आणि त्यात `M2` नाव दिलं. कारण साधं आहे. जिराच्या शोधभाषेत मागच्या तारखेची स्थिती विचारता येते, पण ती मोजक्या खान्यांचीच: स्थिती, कुणाकडे आहे, कुणी नोंदवलं, प्राधान्य, निकाल आणि हे `Fix version`. स्वतः बनवलेल्या खान्याचा इतिहास तिकीट उघडून वाचता येतो, पण शोधात विचारता येत नाही. यादीतून नंतर कुणी तिकीट काढलं तर मला ते एका ओळीत कळायला हवं:

```
project = DZL AND fixVersion WAS "M2"
AND fixVersion != "M2"
```

टप्प्यातून बाहेर पडलेली तिकिटं यात दिसतात. एक खोच आहे: `!=` हे खानं पूर्ण रिकामं असलेलं तिकीट दाखवत नाही, त्यामुळे `fixVersion is EMPTY` ची ओळ वेगळी चालवायची. याखेरीज यादीची छापील प्रत, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह, सचिवांच्या कपाटात. पडद्यावर आणि कागदावर वेगवेगळं निघालं तर कागद खरा, असं करारातच लिहिलं आहे.

गुरुवार, 12 जून

पहिला हप्ता आला, आठ तिकिटं. प्रत्येकावर आवृत्तीचा क्रमांक, चाचणीच्या साइटचा पत्ता आणि कुठला नमुना डेटा भरलाय याची टीप आहे. ही टीप नसेल तर "दिले" धरायचं नाही असं ठरलंय. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर चालतंय ही बातमी झाली, सुपूर्दगी नव्हे.

आजपासून पंधरा दिवसांचं घड्याळ लागलं. हे पंधरा दिवस फक्त आमच्या करारातले नाहीत. व्हेंडर सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेला आहे, त्यामुळे अशा लहान उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. माल किंवा सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली त्याच दिवशी स्वीकारली असं कायदा धरतो. हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस. तिथून पुढे करारात काहीही मुदत लिहिली तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

आज संध्याकाळी खजिनदारांना हे समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आम्ही गप रवलाव तरी होय म्हटल्यासारख्याच." नेमकं तेच.

सोमवार, 16 जून

`DZL-14` तपासलं. होडीला डिझेल देण्याची पावती, अनिवार्य तिकीट. संस्थेच्या पंपावर बरीच वर्षं काम करणाऱ्या भाऊंना बसवलं, कारण उद्या यंत्रासमोर तेच असणार. बाहेर पाऊस बेताचा, वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काम चाललं.

भाऊंनी नमुना होडी निवडली. मंजूर कोटा 1500 लिटर, दिलं 200. पावती छापली, शिल्लक 1300 दिसली. इथवर ठीक. मग त्यांनी न सांगताच पावती रद्द केली. विचारलं, का? "मालक नळी लावल्यार सांगता, आज नको, उद्या नेतंय. ह्या रोजचा हा." शिल्लक 1300 च राहिली. दिलेलंच नाही ते 200 लिटर होडीच्या खात्यातून गेलेले. कराचा परतावा मागताना दिलेल्या डिझेलचा हिशोब जुळवून द्यावा लागतो, त्यामुळे हा दोष किरकोळ नाही.

सचिव म्हणाले, "सांगा त्यांना, चालत नाही म्हणून." "चालत नाही" ही हरकत नव्हे. व्हेंडर उलट लिहील, आमच्याकडे चालतंय, आणि आठवडा त्यातच जाईल. परत पाठवताना तीन गोष्टी लागतात: तिकिटातली कोणती कसोटी मोडली, नेमकं काय केलं आणि काय व्हायला हवं होतं. सचिवांनी स्वतःच्या खात्यातून लिहिलेली नोंद अशी:

"कसोटी क्र. 4: रद्द पावतीचे लिटर कोट्यात परत जमा व्हावेत. आवृत्ती 0.7.2, 16 जून. कोटा 1500, पावती 200, शिल्लक 1300. पावती रद्द केली. शिल्लक 1500 अपेक्षित, 1300 दिसते. पडद्याचे चित्र जोडले आहे. तिकीट परत."

कसोटी क्र. 4 यादी गोठवताना लिहिलेली होती म्हणून हे सोपं गेलं. ती नसती तर हीच गोष्ट "नवी मागणी" ठरली असती आणि तिचे वेगळे पैसे मागितले गेले असते. पुढच्या टप्प्याच्या कसोट्या लिहायला भाऊंना पहिल्यापासून बसवायचं. रद्द पावती ऑफिसातल्या कुणाला आठवली नसती.

शुक्रवार, 20 जून

सकाळी `DZL-11` वर व्हेंडरची टिप्पणी: "अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी मान्य केलं आहे. कृपया स्थिती बदलावी."

अध्यक्षांना विचारलं. तात्या म्हणाले, "त्यांनी विचारलं, पडदा बरा दिसतो ना? मी म्हटलं, बरा दिसतो." तात्या निवडून आलेले अध्यक्ष आहेत, बंदरावर त्यांचा शब्द चालतो, पण स्वीकृतीचा अधिकार करारात त्यांच्याकडे नाही. तो पदावर नसून नाव घेऊन दिलेल्या दोघांकडे आहे, आणि तोही जिरात बटण दाबूनच वापरायचा. फोन, व्हॉट्सॲपवरचा अंगठा, बैठकीतली मान डोलावणं, यातलं काहीही धरायचं नाही.

त्या टिप्पणीखाली तसं उत्तर लिहिलं. अशा टिप्पणीला उत्तर न देणं धोक्याचं असतं. सहा महिन्यांनी कुणी इतिहास वाचला तर "मान्य केलं" हेच तिथलं शेवटचं वाक्य राहतं.

सचिव पुढच्या आठवड्यात ओरोसला बैठकीला जाणार. तेवढ्या दिवसांसाठी खजिनदारांचं खातं चालू आहे ना, ते तपासून घेतलं. संकेतशब्द आठवत नव्हता, तो नवा करून दिला.

गुरुवार, 26 जून

उद्या पहिल्या हप्त्याचे पंधरा दिवस भरतात. आठपैकी पाच स्वीकारली, दोन परत गेली (`DZL-14` धरून, ती दोन्ही परवा दुरुस्त होऊन दुसऱ्या हप्त्याबरोबर आली). एक लोंबकळतंय: `DZL-17`, बर्फाचा पंधरवड्याचा ताळमेळ. बर्फाचा कारखाना बंदीत बंद आहे, लाद्या उचलल्याच जात नाहीत, मग ताळमेळ कशाचा जुळवायचा?

सचिवांचं मत, राहू द्या तसंच, ऑगस्टमध्ये बघू. तसं ठेवता येत नाही. उद्यानंतर लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारलेलं धरलं जाईल. आणि "तपासता आलं नाही" ही हरकत म्हणून टिकणं कठीण, कारण बर्फ नाही यात व्हेंडरचा दोष नाही. "अटीवर स्वीकारलं" अशी मधली स्थिती बनवा, असंही सुचवून झालं. ती मी कधीच बनवू देत नाही. अटीवरच्या स्वीकृतीची अट कुणीच सांभाळत नाही आणि बिलाच्या दिवशी व्हेंडर तिला स्वीकृती म्हणतो, घेणारा नकार म्हणतो.

व्हेंडरशी सरळ बोललो. दुरुस्तीपत्र करून `DZL-17` तिसऱ्या टप्प्यात टाकलं आणि तिसऱ्यातलं `DZL-41` (पावतीची दुय्यम प्रत) इकडे आणलं. वीसची संख्या वीसच राहिली. दोन्ही बाजूंच्या सह्या आजच्या तारखेच्या. व्हेंडरने फार ओढून धरलं नाही, कारण दुय्यम प्रत हे त्याच्यासाठी दोन दिवसांचं काम.

खरी खळखळ दुपारी झाली. दुसऱ्या हप्त्यातली आठ तिकिटं परवा, 24 तारखेला आली आहेत. खजिनदार म्हणाले, स्वीकारायची घाई कशाला? लिलावाचं कमिशन ऑगस्टमध्ये सुरू होईल, तोवर तपासणी सावकाश चालू दे, म्हणजे बिलही सावकाश येईल. त्यांची अडचण खरी आहे. बंदीत संस्थेला उत्पन्न नाही आणि ठेवी मोडायला संचालक तयार नाहीत. पण स्वीकृती लांबवून पैसे लांबत नाहीत, उलट हरकत घ्यायचा हक्क जातो. शिवाय सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर आयकराच्या कलम 43बी(एच) प्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष दिला त्या वर्षीच धरता येतो. पैशांची सवलत हवी असेल तर ती देय तारखेत मागायची. करारात स्वीकृतीपासून 30 दिवस आहेत, आणि कायद्याची कमाल मर्यादा 45. तेवढी जागा पुरेशी आहे.

खजिनदार लगेच पटले असं नाही. पण तिप्पट दराच्या व्याजाची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला मागितली.

गुरुवार, 3 जुलै

परवा, 1 तारखेला, `DZL-14` स्वीकारलं गेलं. भाऊंनी या वेळी दोन पावत्या रद्द करून बघितल्या. काल तिसरा आणि शेवटचा हप्ता आला, पाच तिकिटं.

आज वेगळीच गोष्ट निघाली. `DZL-9`, होडीचा मासिक कोटा. 23 जूनला सचिवांनी तपासून स्वीकारलेलं, अनिवार्य तिकीट. आज भाऊ सहज होडी उघडतात तर जुलैची शिल्लक जूनचीच. महिना बदलला, पण कोटा नव्याने भरला गेला नाही. 23 जूनला हे दिसणं शक्यच नव्हतं.

सचिव म्हणाले, स्वीकृती मागे घ्या. व्हेंडर म्हणाला, स्वीकारलेलं आहे, आता बदल हवा तर वेगळा प्रस्ताव देतो. दोघांचंही ऐकलं नाही.

स्वीकृती मागे घेतली तर 23 जूनची नोंद खोटी ठरते. आज एक मागे घेतली, उद्या पैसे दिलेल्या टप्प्यातलं दुसरं मागे घ्यावंसं वाटेल, आणि मग कुठल्याही तारखेचा आकडा ठाम राहणार नाही. पण तिकिटाच्या कसोटीत "दरमहा 1 तारखेला नवा कोटा" असं स्पष्ट आहे, म्हणजे हा बदल नव्हे, दोष आहे. म्हणून नवं दोष-तिकीट `DZL-58` काढलं, गांभीर्य पहिल्या दर्जाचं, `DZL-9` ला `blocks` या नात्याने जोडलेलं. दुरुस्ती फुकट, कराराच्या हमीत. पैशांवर त्याचा परिणाम करारातल्या तिसऱ्या अटीतून होतो: गंभीर दोष उघडा असेपर्यंत टप्पा देय नाही. `DZL-9` हिरवंच राहील, आणि तरीही बिल अडेल.

या अटीसाठी करार करताना मी बराच वाद घातला होता. नुसती स्वीकृतीची संख्या धरली तर स्वीकारल्यानंतर निघालेल्या दोषासाठी घेणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. मग तो भीतीने काहीच स्वीकारत नाही.

गुरुवार, 10 जुलै

`DZL-58` परवा दुरुस्त होऊन आलं. चाचणीच्या सर्व्हरची तारीख ऑगस्टमध्ये नेऊन काल तपासलं, कोटा भरला गेला. दोष बंद.

आज सकाळी व्हेंडरचं बिल आलं: अठरा स्वीकारलेली, सहाही अनिवार्य, गंभीर दोष शून्य. रक्कम 3,60,000 अधिक जीएसटी. माझी वही सतरा म्हणते. जिराला विचारलं:

```
project = DZL AND fixVersion = "M2"
AND status = "Accepted"
```

अठरा. म्हणजे जिरा व्हेंडरच्या बाजूने. मग स्थिती कुणी बदलली ते विचारलं:

```
project = DZL AND fixVersion = "M2"
AND status CHANGED TO "Accepted" BY "pune-admin"
```

एक तिकीट: `DZL-33`, होडीनिहाय मासिक तक्ता. काल रात्री व्हेंडरच्या ॲडमिनने स्थिती बदललेली. मग `History` उघडून पाहिलं. त्याच मिनिटाला त्याने तिसऱ्या टप्प्यातलीही बरीच तिकिटं एका दमात पुढे सरकवली होती, पंधरवड्याचं काम आवरताना बोर्ड साफ करतात तसं. त्यात हे एक अडकलं. लबाडी नव्हती असं माझं मत आहे. पण जिरा व्हेंडरच्या खात्यावर चालतं आणि त्यांचा ॲडमिन स्वतःच `Client Approver` भूमिकेत होता, ती भूमिका बनवताना पडलेला. त्यामुळे अट असूनही बटण त्याला दिसलं.

ॲडमिनला भूमिकेतून काढलं. पण ज्याच्या हाती चाव्या तो पुन्हा स्वतःला घालू शकतो, हे खरंच आहे. म्हणून दर बिलाआधी वरची शोधओळ उलटी चालवायची: `Accepted` कडे गेलेल्या सगळ्यांतून सचिव आणि खजिनदार वजा केले की काही उरता कामा नये.

बिल परत पाठवलं, कारणासह. व्हेंडर चिडला नाही, पण म्हणाला, एका तिकिटासाठी? सतरा आणि अठरामध्येच देय आणि अ-देय ही रेघ आहे, त्याला मी काय करू.

`DZL-33` ला `Accepted` मधून बाहेर काढायची वाट नाही, आम्हीच ठेवलेली नाही. ॲडमिनकडून स्थिती बदलण्यासाठी तात्पुरती वाट उघडून घेतली, `In UAT` ला आणलं, वाट बंद केली, आणि तिकिटावर कारण, वेळ आणि दोन्ही बाजूंची नावं लिहिली. स्वीकृती मागे घेतल्याचा हा प्रकार नाही. ती मुळात झालीच नव्हती.

शुक्रवार, 11 जुलै

सचिवांनी सकाळी `DZL-33` स्वतः तपासलं. जूनच्या नमुना पावत्यांची हाताने बेरीज केली, तक्त्याशी जुळली. 11:40 ला `Accepted`. अठरा पूर्ण.

उरलेली दोन: एक परत गेलेलं, दुसरं अजून तपासणीत. दोन्ही अनिवार्य नाहीत.

व्हेंडरच्या लेखापालाचा फोन, जुन्याच बिलावर तारीख बदलून देऊ का? नको. पैसे एखादी घटना पूर्ण होण्याशी जोडलेले असतील आणि काम तीन महिन्यांहून जास्त चालणारं, टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचं असेल, तर जीएसटीत बिल ती घटना पूर्ण होण्याच्या दिवशी किंवा आधी निघायला हवं. घटना आज घडली, बिल आजच्या तारखेचं. आणि रोखलेली रक्कम आजच्या बिलात नको, कारण ती देय झालेलीच नाही. घातली तर व्हेंडरला न मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागेल.

हिशोब असा: टप्पा 3,60,000. रोखलेले 10 टक्के 36,000. बिलाची रक्कम 3,24,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 58,320, एकूण 3,82,320. टीडीएस 3,24,000 वरच कापायचा, जीएसटी बिलात वेगळा दाखवला असल्याने त्यावर नाही. देय तारीख 10 ऑगस्ट.

मी सचिवांना एका पानाचं स्वीकृतीपत्र करून दिलं: अठरा तिकिटांचे क्रमांक, प्रत्येकाची सुपूर्दगीची आणि स्वीकृतीची तारीख, कुणी स्वीकारलं, उरलेली दोन, दोष-तिकिटाचा क्रमांक आणि ते बंद झाल्याची तारीख. हेच पान बिलाला जोडलं जाईल. लेखापरीक्षक जिरा उघडणार नाही, फाईल उघडेल.

सोमवार, 28 जुलै

पैसे गेले. खजिनदारांनी 10 ऑगस्टपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण तात्या म्हणाले हंगाम लागला की बँकेत जायला कोण मोकळा आहे. एक ठेव मुदत संपल्यावर परत गुंतवली नाही, त्यातून भागवलं.

मागे राहिलेल्यांपैकी एक 16 तारखेला स्वीकारलं गेलं. दुसरं, `DZL-38`, आज पुन्हा परत: जुन्या प्रिंटरवर पावतीची उजवीकडची बाजू कापली जाते, होडीचा क्रमांक दिसत नाही. व्हेंडर म्हणतो नवा प्रिंटर घ्या. यादीत प्रिंटरचं मॉडेल लिहिलेलं आहे, संस्थेकडचंच. 36,000 तिथेच अडकलेत.

सोमवार, 4 ऑगस्ट

हंगामाचे पहिले तीन दिवस पंप चालला. शुक्रवारी पहाटेपासून रांग होती. नेट दोनदा गेलं, तेव्हा भाऊंनी कागदी पावत्या फाडल्या आणि नंतर प्रणालीत भरल्या. नंतर भरलेल्या पावतीवर प्रणाली भरण्याची तारीख लावते, डिझेल दिल्याची नाही. हे दुसऱ्या टप्प्याच्या कुठल्याच कसोटीत नाही, तपासून पाहिलं. म्हणजे दोष म्हणून काढता येणार नाही, बदल-प्रस्तावच. व्हेंडरला अंदाज मागितला. तो तिसऱ्या टप्प्याच्या रकमेत मिसळायचा नाही, वेगळं बिल, वेगळी स्वीकृती.

`DZL-38` ची नवी आवृत्ती आज दुपारी आली. लेखी हरकतीची शेवटची तारीख 19 ऑगस्ट. सचिवांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण केली.

तिसऱ्या टप्प्याच्या कसोट्या लिहायला बुधवारी बैठक. लिलाव पुकारणाऱ्या दोघांना आणि मासळी घेणाऱ्या एका काकींना बोलावलंय. `DZL-17` ला आता खरा बर्फ मिळेल. पहिला पंधरवडा 15 तारखेला भरतो. त्याआधी ते तिकीट नव्याने `Delivered` करू नका, असं व्हेंडरला लिहून कळवलं.